रोबोटचा जॉइंट सकाळी बरोबर आणि दुपारी सरकलेला: दोष एन्कोडरचा, वायरचा की कपलिंगचा, आणि पुढच्या वेळी कुठला एन्कोडर घ्यायचा

सांगली, कुपवाड, मिरज पट्ट्यातल्या छोट्या युनिटमध्ये घरी बनवलेले किंवा जुळणी केलेले रोबोट आर्म आता बरेच दिसतात, आणि त्यांची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते, की जॉइंटची पोझिशन हळूहळू सरकते. बहुतेक जण पहिल्याच दिवशी एन्कोडर बदलतात, नवा बसवला की चार दिवस बरं चालतं आणि परत तेच. म्हणून मी कुठल्या क्रमाने बघतो ते सगळं एकदा लिहून काढतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"एन्कोडर चुकतोय" एवढंच म्हणून काही कळत नाही, चुकतोय कसा ते महत्त्वाचं.

पहिला प्रकार, चूक साठत जाते. सकाळी होमिंग केल्यावर बरोबर, तासाभरात १ मिमी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ५-६ मिमी, आणि परत होमिंग केलं की एकदम बरोबर. दुसरा प्रकार, चूक साठत नाही पण जॉइंटच्या ठराविक कोनात नेहमी तेवढीच असते, म्हणजे ९० अंशाला १ अंश जास्त आणि २७० ला १ अंश कमी, रोज तेच. तिसरा, मध्येच आकडा एकदम उडी मारतो आणि पुढच्या रीडिंगला परत जागेवर येतो, आर्म मात्र तेवढ्यात झटका खातो. चौथा, लाईट गेली आणि आली की आर्मला आपण कुठे आहोत तेच माहीत नसतं.

चौथा प्रकार दोष नाहीच. इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त किती सरकलं एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही, त्याची पॉवर गेली की मोजणी शून्य. आपल्याकडे लाईट जाणं नवीन नाही, त्यामुळे दर वेळी होमिंग करायला जागा आणि वेळ नसेल तर तिथे अ‍ॅब्सोल्यूटच पाहिजे, म्हणजे पॉवर आल्याबरोबर आपण कुठे आहोत ते सांगणारा, त्यावर खाली लिहितो.

सगळ्यात जास्त येतो तो पहिला प्रकार, म्हणून मी जास्त त्याच्यावरच लिहितोय.

फुकटची तपासणी: मार्करची रेघ

मशीन बंद करा, आणि पर्मनंट मार्करने मोटरचा शाफ्ट, कपलिंग, एन्कोडरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा आउटपुट, यातल्या प्रत्येक जोडावर सरळ एक रेघ मारा. मग अर्धा दिवस मशीन चालवा आणि बघा. कुठल्याही जोडावर रेघ तुटलेली दिसली की तिथेच घसरतंय. ग्रब स्क्रू गोल शाफ्टवर नुसता दाबून बसवलेला असतो आणि झटके खाऊन ढिला होतो, हे इतकं कॉमन आहे की मी मल्टिमीटर बाहेर काढायच्या आधी हेच बघतो. शाफ्टवर ग्रब स्क्रूसाठी सपाट पट्टी घासून घ्या आणि थ्रेडलॉकर लावा. कपलिंग बसत नाही म्हणून एन्कोडरच्या शाफ्टवर हातोडी मात्र मारू नका, ऑप्टिकलमध्ये आतली चकती काचेची असू शकते आणि बेअरिंगही नाजूक असतात.

हे आधी का, तर घसरणाऱ्या कपलिंगवर जगातला सगळ्यात महाग एन्कोडर लावला तरी तो खोटंच सांगणार.

मल्टिमीटरची तपासणी: व्होल्टेज एन्कोडरच्या टोकाला मोजा

कंट्रोलरच्या बाजूला नाही, एन्कोडरच्या बाजूला, आणि मोटर चालू असताना. ५ व्होल्टच्या एन्कोडरला टोकाला ४.७५ च्या खाली मिळत असेल तर वायर बारीक आहे, लांब आहे किंवा क्रिंप ढिला आहे. हलणाऱ्या जॉइंटमधून गेलेली वायर आतून तुटते आणि बाहेरून इन्सुलेशन ठणठणीत दिसतं, तेव्हा आर्म हाताने हळूहळू वाकवत मीटर बघा. आकडा हलला की वायर बदला, जोड मारत बसू नका.

खरा निवाडा: एका फेरीत किती काउंट?

ही तपासणी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, कारण अर्ध्या तासात दोष कुठल्या घरात आहे ते कळतं. इन्क्रिमेंटल एन्कोडरला ए आणि बी असे दोन सिग्नल असतात, एकमेकांपासून पाव फेज मागेपुढे, आणि चांगल्या एन्कोडरला तिसरा झेड असतो जो एका फेरीत एकदाच येतो. ६०० पीपीआरचा, म्हणजे एका फेरीला ६०० पल्स देणारा एन्कोडर चारपट, म्हणजे ए आणि बी च्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजून वाचला की एका फेरीचे २४०० काउंट होतात. म्हणजे एकाच दिशेने फिरवत राहिलं तर दोन झेडच्या मध्ये नेमके २४०० आलेच पाहिजेत, २३९८ नाही आणि २४०२ पण नाही.

```
void onZ() {
  long n = readCount();
  zDiff = n - zLast;
  zLast = n;
}
```

`zDiff` स्क्रीनवर काढत राहा. दिशा बदलल्यावरचं पहिलं रीडिंग धरू नका, त्याला अर्थ नसतो. आता तीन गोष्टी घडू शकतात.

हाताने अगदी हळू फिरवलं तरी काउंट कमी येतात, आणि दर फेरीत साधारण त्याच कोनाला कमी येतात: तर एन्कोडरच्या आत घाण आहे किंवा चकतीला काही झालंय.

हळू फिरवल्यावर बरोबर २४००, पण मोटर जोरात पळाली की कमी: तर एन्कोडर चांगला आहे, दोष वायरिंगमध्ये किंवा वाचण्यात आहे.

हळू, जोरात, सगळीकडे बरोबर २४००, आणि तरी आर्म सरकतोय: तर मोजणी बरोबर आहे, घसरण यंत्रात आहे, परत मार्करच्या रेघेकडे जा, बेल्टचा दात उडतोय का बघा.

स्वस्त एन्कोडरना बऱ्याचदा झेडची वायरच नसते. मग मोटरच्या शाफ्टवर एक स्क्रू आणि समोर छोटा प्रॉक्सिमिटी सेन्सर लावा. तो काही एका काउंटपर्यंत अचूक नसतो, दोन-चारचा फरक दाखवणारच, पण फरक साठत जातोय की तिथल्या तिथे खेळतोय एवढं त्याच्यावरून नक्की कळतं.

एक केस, आकड्यांसकट

हळदीची पाकिटं खोक्यात भरणारा आर्म, ४०० मिमी लांबीचा, गिअरबॉक्स ५० ला १, मोटरच्या मागे ६०० पीपीआरचा ऑप्टिकल इन्क्रिमेंटल एन्कोडर. ऑपरेटर म्हणाला, "दादा, सकाळी पाकीट बरोबर खोक्यात पडतंय, दुपारी कडेवर बसतंय, आणि सरकतंय ते कायम एकाच बाजूला बघा." हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं.

दुपारी मोजलं तर ८ मिमी. ४०० मिमीच्या आर्मवर ८ मिमी म्हणजे सुमारे १.१५ अंश. जॉइंटच्या एका फेरीला २४०० गुणिले ५० म्हणजे १,२०,००० काउंट, तर १.१५ अंश म्हणजे जवळपास ३८० काउंट कुठेतरी गळाले. हळदीची धूळ सगळीकडे होती म्हणून सगळ्यांचा संशय चकतीवर, मालक नवा एन्कोडर मागवायच्या बेतात. पण हाताने फिरवल्यावर दर वेळी २४००. पाकीट घेऊन जातानाही २४००, कारण तेव्हा मोटर १२०० आरपीएमवर हळू जात होती. रिकामा परत येताना मात्र ३००० आरपीएम, आणि तिथे मध्येच २३९८, २३९६. म्हणजे गळती फक्त परतीच्या दिशेला, म्हणूनच सरकणं कायम एकाच बाजूला.

कारण काय ते नीट समजून घ्या, कारण हेच बहुतेक ठिकाणी असतं. या एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर होतं. असं आउटपुट सिग्नल खाली खेचू शकतं पण वर ढकलू शकत नाही, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. तिथे १० किलोओहमचा पुल-अप होता आणि ५ मीटर केबल. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे ५०० पिकोफॅरड, आणि ते १० किलोओहममधून भरायचा टाइम कॉन्स्टंट झाला ५ मायक्रोसेकंद. सिग्नल कंट्रोलरला "हाय" दिसेपर्यंत ६ मायक्रोसेकंदाच्या आसपास जातात, खाली येताना मात्र काहीच वेळ लागत नाही. आता ३००० आरपीएमला ६०० पीपीआर म्हणजे ३० किलोहर्ट्झ, ए आणि बी मधलं अंतर ८.३ मायक्रोसेकंद. बी ६ मायक्रोसेकंद उशिरा वर गेला आणि ए वेळेवर खाली आला, तर दोघांत उरले फक्त २ च्या आसपास. त्यात एन्कोडरचा स्वतःचा थोडा फेजचा फरक आणि शेजारून व्हीएफडीची केबल गेलेली, की एखादी कड गेलीच. १२०० आरपीएमला तेच अंतर २० मायक्रोसेकंदाच्या वर असतं, त्यामुळे तिथे काहीच होत नाही.

१० किलोओहम काढून १ किलोओहम लावला, टाइम कॉन्स्टंट अर्ध्या मायक्रोसेकंदावर आला, `zDiff` परतीलाही २४०० वर थांबला. रेझिस्टरची किंमत काही पैशांत, आणि एन्कोडर तोच.

खूप जण तर बाहेरचा पुल-अप लावतच नाहीत, कोडमध्ये `INPUT_PULLUP` लिहितात आणि मोकळे होतात. आर्डुइनो उनोचा आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो, वरचं गणित त्याने परत करून बघा, टेबलावर अर्ध्या मीटर वायरने चालेल पण मशीनवर नाही. आणि कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर पुल-अप ३.३ ला बांधा, ५ ला नाही. आधी मीटरने एन्कोडरच्या आउटपुटवर मोकळं व्होल्टेज बघून घ्या, काही एन्कोडरच्या आतच पुल-अप दिलेला असतो आणि मग ५ किंवा २४ व्होल्ट सरळ पिनवर येतात.

केबल आणि अर्थिंग

एन्कोडरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाय मारून बांधायची सवय सोडा. व्हीएफडी किंवा सर्व्हो ड्राइव्हच्या केबलपासून ३० सेंटीमीटर तरी लांब, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शिल्डेड केबल वापरा आणि शिल्ड पॅनेलच्या बाजूला अर्थला जोडा, नुसती कापून सोडलेली शिल्ड काही कामाची नाही.

अंतर चार-पाच मीटरच्या पुढे गेलं आणि शेजारी ड्राइव्ह असतील तर ओपन कलेक्टरचा नाद सोडून लाइन ड्रायव्हर आउटपुटचा एन्कोडर घ्या, ज्यात ए बरोबर उलटा ए सुद्धा येतो. नॉइज दोन्ही वायरवर सारखाच बसतो आणि रिसीव्हर फक्त फरक बघतो, त्यामुळे तो आपोआप कटतो. दोन्ही वायर एकमेकींना पिळलेल्या पाहिजेत, रिसीव्हरच्या बाजूला १२० ओहमचं टर्मिनेशन पाहिजे आणि २६एलएस३२ सारखी रिसीव्हर आयसी. फक्त ए आणि ग्राउंड जोडून उलटा ए मोकळा सोडला तर जास्तीचे पैसे देऊन काहीच मिळालं नाही.

वाचणारा पुरतोय का?

३००० आरपीएमला २४०० काउंट म्हणजे सेकंदाला १,२०,००० कडा. उनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका कडेला १३३ क्लॉक मिळतात, आणि इंटरप्टमध्ये शिरणं, `digitalRead` करणं, बाहेर पडणं यातच ते संपतात. वर कोणी लूपमध्ये सिरियल प्रिंट टाकलेला असतो. यावर फिल्टर, डिले, डिबाउन्स असलं काही लावू नका, मोजणी हार्डवेअरकडे द्या. एसटीएम३२ च्या टायमरला एन्कोडर मोड असतो, ईएसपी३२ ला पल्स काउंटर असतो, तिथे प्रोसेसर काहीही करत असला तरी काउंट जात नाही.

मॅग्नेटिकची गोष्ट वेगळी

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची तक्रार मुख्यतः इथून येते. एएस५६०० ही स्वस्त चिप सगळीकडे आहे, १२ बिट, म्हणजे फेरीचे ४०९६ भाग, एक भाग ०.०८८ अंशाचा. अ‍ॅब्सोल्यूट आहे, धूळ आणि तेलाचं तिला काही पडलेलं नसतं. पण मॅग्नेट कसा बसवलाय यावर सगळं आहे. मॅग्नेट व्यासाच्या दिशेने मॅग्नेटाइज केलेलाच लागतो, दुकानात मिळणारा साधा गोल मॅग्नेट चालत नाही कारण त्याचे ध्रुव वरखाली असतात. चिप आणि मॅग्नेटमध्ये ०.५ ते ३ मिमी फट. आणि चिपलाच विचारा की मॅग्नेट बरा दिसतोय का:

```
Wire.beginTransmission(0x36);
Wire.write(0x0B);
Wire.endTransmission(false);
Wire.requestFrom(0x36, 1);
byte s = Wire.read();
bool ok     = s & 0x20;
bool weak   = s & 0x10;
bool strong = s & 0x08;
```

शिवाय `0x1A` या रजिस्टरमध्ये चिपचा गेन असतो, ५ व्होल्टवर ० ते २५५ आणि ३.३ व्होल्टवर ० ते १२८. तो मधोमध येईपर्यंत फट कमीजास्त करा. टोकाला असेल तर आज चालेल, मशीन तापल्यावर चालणार नाही.

मॅग्नेट मध्यापासून बाजूला बसला की दर फेरीत तीच चूक येते, म्हणजे वरचा दुसरा प्रकार. ओळखायला सोपं, मोटरचा एन्कोडर धरून जॉइंट समान टप्प्यांनी फिरवा आणि दोघांतला फरक कागदावर लिहा, एका फेरीत एक चढ आणि एक उतार आला तर मॅग्नेट बाजूला आहे. परत मध्यावर बसवा, आणि तरी थोडा उरलाच तर तो फरक टेबल करून वजा करता येतो कारण तो रोज सारखाच असतो. लोखंडी शाफ्टच्या टोकाला मॅग्नेट थेट चिकटवू नका, फील्ड शाफ्टमध्ये ओढलं जातं, मध्ये पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घाला आणि इपॉक्सीने पक्का करा. मोटरचा ब्रेक किंवा मोठा मॅग्नेट अगदी शेजारी असेल तरीही कोन हलतो.

तिसरा प्रकार, म्हणजे मध्येच उडी, हा बहुतेक वेळा लांब आय-टू-सी वायरमुळे. ती वायर बोर्डवरच्या अंतरासाठी आहे, दोन मीटर आर्ममधून न्यायला नाही. चिपशेजारी छोटा कंट्रोलर बसवा आणि तिथून पुढे आरएस-४८५ किंवा कॅनने पाठवा. एएस५०४७पी सारखी एसपीआयची १४ बिट चिप असेल तर उत्तरातला पॅरिटी बिट आणि एरर बिट तपासा, तो तपासायला कोड लागतो म्हणून सगळे सोडून देतात. आणि एक साधी अक्कल कोडमध्ये घाला: जॉइंट सेकंदाला जास्तीत जास्त ३६० अंश फिरत असेल तर १ मिलिसेकंदात ०.३६ अंश, म्हणजे १२ बिटमध्ये चारएक काउंट. ५० ची उडी आली तर ती खोटी, ते रीडिंग टाका. पण लागोपाठ तीन-चार खोटी आली तर आर्म थांबवा, जुन्या आकड्यावर आर्म चालवत राहणं हे अपघाताला आमंत्रण आहे.

```
int d = now - prev;
if (d >  2048) d -= 4096;
if (d < -2048) d += 4096;
```

४०९५ नंतर ० येतो तिथे उडी धरली जाऊ नये म्हणून आधी हे करा, मग तपासा.

मग घ्यायचा कुठला?

माझं मत सरळ आहे. मोटरच्या मागे इन्क्रिमेंटल आणि जॉइंटच्या आउटपुटवर अ‍ॅब्सोल्यूट मॅग्नेटिक, दोन्ही. एकट्या १२ बिट मॅग्नेटिकवर ४०० मिमीच्या आर्मला एक काउंट म्हणजे ०.६ मिमी, आणि मॅग्नेटची बैठक धरून खरी चूक त्याहून बरीच जास्त, पाकीट ठेवायला कदाचित पुरेल, स्क्रू लावायला नाही. सिंगल-टर्न अ‍ॅब्सोल्यूट मोटरवर बसवला तर तो मोटरच्या एका फेरीपुरताच सांगतो, ५० पैकी कुठली फेरी ते नाही. पण दोन्ही एकत्र केले की फार छान जमतं: मोटरची एक फेरी म्हणजे जॉइंटचे ७.२ अंश, त्यामुळे आउटपुटवरचा स्वस्त सेन्सर १-२ अंश चुकला तरी फेरी कुठली ते बरोबर सांगतो, मग मोटर जरा फिरवून झेड पकडला की पूर्ण अचूक पोझिशन मिळाली. लिमिट स्विचपर्यंत जायची गरज नाही. शिवाय चालू असताना दोघांची तुलना करत राहिलं की कपलिंग घसरलं किंवा काउंट गळाले तर मशीन स्वतः सांगतं, पाकीट कडेवर बसायच्या आधी.

ऑप्टिकल की मॅग्नेटिक हे जागेवर ठरतं. हळद, बेदाण्याची धूळ, फाउंड्रीची रेती, सीएनसीचं कुलंट असेल तर उघड्या चकतीचा ऑप्टिकल घेऊ नका, सीलबंद आयपी६५ घ्या नाहीतर मॅग्नेटिक. स्वच्छ जागेत आणि बारीक काम असेल तर ऑप्टिकलचा सिग्नल आजही जास्त एकसारखा येतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सर्व्हो मोटरच्या आतला एन्कोडर उघडू नका. त्याची जागा रोटरच्या मॅग्नेटशी जुळवलेली असते, ती हलली की मोटर चालू करताच भलतीकडे पळू शकते, आणि जुळवायला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि जिग लागतो. ड्राइव्हचं झाकण काढायचं असेल तर लाईट बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, झाकणावर लिहिलेली मिनिटं थांबून आणि मीटरने मोजूनच हात घाला, त्याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. उभा जॉइंट, म्हणजे वजन घेऊन वरखाली जाणारा, त्याचा एन्कोडर किंवा कपलिंग सोडवलं की आर्म खाली येऊ शकतो, आधी खालून टेकू द्या, आणि ब्रेकवर भरवसा नसेल तर हातच लावू नका. कंपनीच्या इंडस्ट्रियल रोबोटची एन्कोडर बॅटरी बदलायची असेल तर मॅन्युअल बघितल्याशिवाय काढू नका, बऱ्याच रोबोटमध्ये ती कंट्रोलर चालू ठेवूनच बदलावी लागते, नाहीतर सगळ्या जॉइंटचं मास्टरिंग जातं आणि सर्व्हिसवाल्याशिवाय मशीन उभं राहत नाही. आणि ज्या आर्मच्या कक्षेत माणूस उभा राहून काम करतो, तिथे सेफ्टीसाठी वापरलेला एन्कोडर स्वतः बदलून मशीन चालू करू नका, ते सर्टिफाइड माणसाचंच काम आहे.

बोलवाल तेव्हा त्याला `zDiff` चे आकडे हळू आणि जोरात असे दोन्ही लिहून द्या, आणि कुठल्या दिशेला सरकतंय तेही, त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही.